कड्याभोवतीची पांढरी रेघ: शार्पनिंगमुळे हेलो का उमटतो आणि रेखीवपणा न घालवता तो कसा आवरायचा

राजगडाच्या सुवेळा माचीवर एक नेढं आहे. कातळाला आरपार पडलेलं भोक, आणि त्यातून पलीकडचं आभाळ दिसतं. एका पावसाळी सकाळी मी त्याचा फोटो काढला. काळा ओला कातळ, मागे दुधाळ ढगांचं आभाळ. घरी येऊन तो थोडा 'धारदार' केला, १२ × १८ इंचांची प्रिंट काढली आणि बैठकीच्या खोलीत लावली. दोन दिवसांनी आत्या आल्या. प्रिंटसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "हे आभाळ मागून चिकटवलंय का रे? डोंगर कात्रीनं कापल्यासारखा दिसतोय."

जवळ जाऊन पाहिलं तर त्यांचं खरं होतं. कातळाच्या सगळ्या कडेनं आभाळाच्या बाजूला एक पांढरी रेघ धावत होती. नेढ्याच्या आत तर ती पूर्ण गोल फिरली होती, देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असावी तशी. या रेघेलाच फोटोवाले हेलो म्हणतात. ती ढगात नव्हती, लेन्समधून आली नव्हती. ती मी स्वतः शार्पनिंग करताना काढलेली होती, आणि त्या रात्री बसून ती नेमकी कुठून येते ते कागदावर आकडे मांडून बघितलं. तेच आकडे इथे मांडतो, कारण एकदा ते हातानं केले की कुठली पट्टी किती सरकवायची हे पाठ करावं लागत नाही.

फाइलमधली कड मुळात कशी असते

डोळ्यांना कातळ संपतो आणि आभाळ सुरू होतं असं दिसतं. फाइलमध्ये तसं नसतं. लेन्स प्रकाश किंचित पसरवते, सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका एकाच रंगाचा प्रकाश मोजतो आणि उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून काढले जातात, हातही थोडा हललेला असतो. त्यामुळे काळ्याकडून पांढऱ्याकडे जाताना मधे दोन-तीन ठिपक्यांचा उतार तयार होतो. ० म्हणजे पूर्ण काळं आणि २५५ म्हणजे पूर्ण पांढरं धरलं, तर कातळातून आभाळाकडे जाणारी ठिपक्यांची एक ओळ अशी दिसू शकेल:

६०, ६०, ६०, ८०, १२०, १६०, १८०, १८०, १८०

६० हा कातळ, १८० हे आभाळ. मधले ८०, १२० आणि १६० म्हणजे उतार. हा उतार जितका लांब तितकी कड मऊ वाटते. म्हणजे आपल्याला खरं तर एवढंच हवं असतं की उतार आखूड आणि उभा व्हावा. कातळ ६० राहावा, आभाळ १८० राहावं आणि मधली पायरी चढायला कमी ठिपके लागावेत.

शार्पनिंगची नेहमीची पद्धत मात्र हे सरळ करत नाही. ती आडवळणानं जाते, आणि त्या आडवळणातच हेलो आहे.

अनशार्प मास्क प्रत्यक्षात काय करतं

नावच गोंधळात टाकणारं आहे. धारदार करायच्या साधनाला 'अनशार्प' का म्हणायचं? हे नाव डार्करूममधून आलं. तिथे मूळ निगेटिव्हवरून मुद्दाम अस्पष्ट आणि फिकट पॉझिटिव्ह बनवत आणि ती दोन्ही एकमेकांवर ठेवून प्रिंट काढत. तो अस्पष्ट पॉझिटिव्ह म्हणजे अनशार्प मास्क. संगणकातही पायऱ्या त्याच आहेत. फोटोची एक धूसर प्रत काढायची, मूळ फोटोतून ती वजा करायची, आणि जो फरक उरेल तो काही पटीनं वाढवून मूळ फोटोत मिळवायचा.

आपल्या ओळीवर करून बघू. धूसर करायची सगळ्यात सोपी रीत घेऊ: प्रत्येक ठिपक्याच्या जागी त्याची आणि त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांची सरासरी. उताराच्या तळाचा शेवटचा ६० घ्या. त्याच्या डावीकडे ६०, उजवीकडे ८०. सरासरी सुमारे ६७. मूळ ६० मधून ६७ गेले, फरक उणे ७. आता उताराच्या माथ्यावरचा पहिला १८० घ्या. डावीकडे १६०, उजवीकडे १८०. सरासरी सुमारे १७३, म्हणून फरक अधिक ७. मधल्या १२० ला एका बाजूला ८०, दुसऱ्या बाजूला १६०, सरासरी पुन्हा १२०, फरक शून्य. ८० आणि १६० यांचे फरकही अनुक्रमे उणे ७ आणि अधिक ७ असेच येतात.

हा फरक तिप्पट करून मिळवला, म्हणजे `Amount` ३०० टक्के ठेवलं, तर प्रत्येक ठिकाणी २० ची भर किंवा घट होते आणि ओळ अशी होते:

६०, ६०, ४०, ६०, १२०, १८०, २००, १८०, १८०

आता ही ओळ नीट वाचा, कारण सगळा विषय इथेच आहे. उताराच्या मधल्या भागात आधी एका ठिपक्याला ४० चढत होतो, आता ६० चढतोय. उतार दीडपट उभा झाला. हे आपल्याला हवं होतं. पण उताराच्या तळाशी ६० चा कातळ ४० वर गेला आणि माथ्याशी १८० चं आभाळ २०० वर गेलं. कातळात ४० कुठेच नव्हतं, आभाळात २०० कुठेच नव्हतं. गणितानं ते निर्माण केले. २०० हा ठिपका म्हणजे पांढरी रेघ, ४० हा ठिपका म्हणजे तिची काळी जोडीदार. मूळ मर्यादेबाहेर गेलेल्या या उडीला ओव्हरशूट म्हणतात.

तो का होतो हेही आता दिसतं. धूसर प्रत फक्त उतारावरच नाही तर उताराच्या शेजारच्या सपाट भागातही मुळापेक्षा वेगळी असते. आभाळाच्या त्या पहिल्या ठिपक्याच्या सरासरीत कातळाचा अंधार मिसळला, म्हणून ती १७३ झाली. अनशार्प मास्कला वाटतं, 'हा ठिपका आजूबाजूपेक्षा उजळ आहे, इथे तपशील आहे', आणि तो त्याला आणखी उजळ करतो. त्या ठिपक्यात तपशील काहीच नव्हता. तो फक्त कड्याचा शेजारी होता.

खरे प्रोग्राम साधी सरासरी घेत नाहीत. जवळच्या शेजाऱ्याला जास्त वजन आणि लांबच्याला कमी असं धरतात. आकडे थोडे बदलतात, वागणूक हीच राहते.

रेघ दिसते ती उंचीमुळे कमी, रुंदीमुळे जास्त

माझी प्रिंट बिघडली ती ३०० टक्के अमाउंटमुळे नव्हे. मी अमाउंट कमीच ठेवलं होतं, आणि तेच सुरक्षित असतं अशी माझी समजूत होती. चूक `Radius` मध्ये होती.

रेडियस म्हणजे धूसर प्रत काढताना किती लांबपर्यंतचे शेजारी मोजायचे ते. वर आपण एकेकच शेजारी घेतला. आता दोन्ही बाजूंचे चार-चार, म्हणजे एकूण नऊ ठिपक्यांची सरासरी घेऊ आणि अमाउंट फक्त १०० टक्के ठेवू. उताराच्या मध्यापासून, म्हणजे १२० पासून आभाळाकडची ओळ अशी येते:

१२०, १८७, २१३, २००, १८९, १८२, १८०

पहिल्या दोन आकड्यांत ६७ ची चढण आहे. मघाशी ती ६० होती. म्हणजे कडेच्या धारेत जवळपास काही फरक पडला नाही. पण ओव्हरशूट २० ऐवजी ३३ झाला, आणि एका ठिपक्यात संपायच्या ऐवजी पाच ठिपके घेऊन हळूहळू विरत गेला. कातळाच्या बाजूलाही तितकीच रुंद काळी पट्टी. धार तेवढीच, पण रेघ पाचपट रुंद.

आता ही रुंदी डोळ्याला कशी दिसते ते बघा. चांगल्या नजरेचा माणूस साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या अंतरावरच्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखू शकतो. हातात धरलेली प्रिंट ३० सेंटिमीटरवर असेल, तर ते सुमारे ०.०९ मिलिमीटर भरतं. ३०० डीपीआयच्या प्रिंटमध्ये एक ठिपका ०.०८५ मिलिमीटरचा असतो. म्हणजे एक ठिपका रुंदीचा ओव्हरशूट डोळ्याला रेघ म्हणून वेगळा दिसतच नाही. तो कडेत मिसळतो आणि कड जास्त रेखीव वाटते. पाच ठिपक्यांची पट्टी मात्र ०.४२ मिलिमीटर होते. टाचणीच्या जाडीच्या जवळपास. ती रेघ म्हणूनच दिसते, आणि आत्यांना ती दिसली.

म्हणून ओव्हरशूट मुळातच वाईट असं मी म्हणणार नाही. प्रिंटमध्ये शाई कागदावर थोडी पसरते, कड पुन्हा मऊ होते, आणि बारीक ओव्हरशूट तो मऊपणा भरून काढतो. आपली नजरसुद्धा हेच करत असते. उजेड-अंधाराच्या सीमेवर उजेडाची बाजू जास्त उजळ आणि अंधाराची जास्त गडद भासते. एर्न्स्ट माख या शास्त्रज्ञानं १८६५ साली याचं वर्णन केलं आणि त्या पट्ट्यांना आजही त्याचंच नाव आहे. डोळ्यातल्या पेशी शेजारच्या पेशींचा संदेश दाबतात, त्यातून हा भास होतो. थोडक्यात, आपण फाइलमध्ये जी रेघ काढतो तिच्यावर डोळा स्वतःची एक रेघ चढवतो. मोकळ्या आभाळावर ती म्हणूनच एवढी खुपते. तिथे तिला लपायला काही नसतं. तोच २०० चा ठिपका गवतात, झाडाच्या पानांत, दगडी भिंतीच्या खरखरीत असता, तर कुणालाही सापडला नसता.

पडद्याचा हिशोब वेगळा आहे आणि इथे बरेच जण फसतात. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर एक ठिपका ०.२८ मिलिमीटरच्या आसपास असतो. ६० सेंटिमीटरवरून डोळ्याची मर्यादा ०.१७ मिलिमीटर. म्हणजे मॉनिटरवर एका ठिपक्याचा हेलोही दिसतो. प्रिंटसाठी बरोबर शार्प केलेला फोटो पडद्यावर १०० टक्क्यांना थोडा करकरीत दिसणारच. आणि उलट, फोटो पडद्यात मावेल एवढा लहान करून बघत शार्प केला, तर रुंद हेलो आक्रसून गायब झालेला असतो आणि आपण पट्टी पुढे सरकवतच राहतो. मी तेच केलं होतं.

दुसऱ्यांदा शार्प केलं की काय होतं

माझ्या फाइलमध्ये आणखी एक गोष्ट होती. कॅमेऱ्यानं जेपीईजी बनवताना स्वतःचं शार्पनिंग केलं होतं, त्यावर मी केलं, आणि आकार बदलताना प्रोग्रामनंही थोडं केलं. मोबाइलच्या फोटोत तर पहिला हात नेहमी फोननंच मारलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो हलका नसतो.

वरची लहान रेडियसची ओळ घेऊन तीच क्रिया पुन्हा करा. २०० च्या दोन्ही बाजूंना १८० आहेत, सरासरी १८७, फरक १३, तिप्पट ४०. तो २४० होतो. त्याच्या पलीकडच्या १८० ला एका बाजूला २०० मिळाला, म्हणून त्याची सरासरी त्याच्यापेक्षा जास्त आली आणि तो १६० वर घसरला. पूर्ण ओळ:

६०, ८०, ०, २०, १२०, २२०, २४०, १६०, १८०

आता पांढऱ्या रेघेच्या पलीकडे आभाळात एक काळपट रेघही आली. दुसऱ्या शार्पनिंगनं पहिल्याचा हेलो खरा तपशील समजून त्याच्याभोवती नवीन हेलो काढला. कडेला दुहेरी-तिहेरी किनार दिसली, तर हा प्रकार झालाय असं समजा. आकडे ० आणि २४० पर्यंत गेलेत हेही बघा. आभाळ मुळात २३० चं असतं तर हा ठिपका २५५ ला आपटून थांबला असता, आणि सेव्ह केल्यावर तिथली मूळ छटा परत मिळायला काही मार्ग उरला नसता.

फोटो लहान-मोठा करण्याच्या काही पद्धतीही हेच करतात. लँक्झोस नावाची पद्धत रेखीव निकालासाठी प्रसिद्ध आहे, पण ती शेजारच्या काही ठिपक्यांना उणे वजन देते, आणि उणे वजन म्हणजे धूसर प्रत वजा करण्यासारखंच आहे. तिच्यानंतर शार्पनिंगचा हात हलका ठेवावा लागतो.

आवरायचं कसं

पहिला आणि सगळ्यात मोठा फायदा रेडियस लहान ठेवण्यात आहे. आकार आधी अंतिम करायचा. माझा ६००० × ४००० ठिपक्यांचा फोटो १२ × १८ इंचांसाठी ५४०० × ३६०० व्हायचा होता. तो आधी करून मग शार्प करायचा, आणि रेडियस ०.६ ते १ च्या आत ठेवायचा. लहान रेडियसला अमाउंट जास्त लागतं. १५०, २०० हे आकडे बघून घाबरायचं कारण नाही. २ रेडियसला ८० टक्के हे ०.७ रेडियसला २०० टक्क्यांपेक्षा जास्त घातक ठरू शकतं, का ते वरच्या ओळींत दिसलंच.

`Threshold` ची पट्टी हेलोवर उपाय म्हणून सुचवली जाते. ती त्यासाठी नाही. ठरावीक मर्यादेपेक्षा लहान फरक सोडून द्यायचे एवढंच तिचं काम. आभाळातल्या बारीक रव्यावर शार्पनिंग होऊ नये म्हणून ती उपयोगी आहे, पण कड्याशी फरक मोठाच असतो, तो तिच्यातून सरळ पार होतो. लाइटरूममधली `Masking` पट्टीही तशीच: सपाट भाग वाचवते, कड मात्र तिच्या हद्दीत उघडीच राहते. तिथे हेलोला हात घालते ती `Detail`. ती खाली ठेवली की कडेचा ओव्हरशूट दाबला जातो. आधीपासून ठेवलेला आकडा २५ असतो, आणि आभाळाला भिडणाऱ्या डोंगरांच्या फोटोंत मी तो १० च्या आसपास आणतो.

पण माझा आवडता उपाय वेगळा आहे, कारण तो रोग नेमका जिथे आहे तिथे औषध लावतो. आपल्याला उतार उभा हवा, मर्यादा ओलांडायला नको. मग शार्प केलेल्या प्रत्येक ठिपक्याला सांगायचं: मूळ फोटोत तुझ्या आजूबाजूच्या नऊ ठिपक्यांत जो सगळ्यात उजळ होता त्याच्या वर जायचं नाही, आणि जो सगळ्यात गडद होता त्याच्या खाली जायचं नाही. आपल्या ३०० टक्केवाल्या ओळीला हा नियम लावा. ४० च्या आसपास मूळ फोटोत कमीत कमी ६० होते, म्हणून तो ६० वर थांबतो. २०० च्या आसपास जास्तीत जास्त १८० होते, तो १८० वर थांबतो. बाकीचे कुणी मर्यादेबाहेर नाहीत:

६०, ६०, ६०, ६०, १२०, १८०, १८०, १८०, १८०

मूळ ओळीत ६० पासून १८० पर्यंत जायला चार पावलं लागत होती, आता दोनच लागतात. हेलो नाही. हीच ती कड जी सुरुवातीला हवी होती.

फोटोशॉपमध्ये हे तीन लेयरवर होतं. फोटोच्या तीन प्रती घ्यायच्या. सगळ्यात खालची शार्प करायची, मनसोक्त. मधली शार्प न केलेली प्रत घेऊन `Filter > Other > Maximum` मधून रेडियस १ द्यायचा आणि तिचा मोड `Darken` करायचा. ही वरची मर्यादा. सगळ्यात वरच्या, शार्प न केलेल्या प्रतीला `Minimum` रेडियस १ द्यायचा आणि मोड `Lighten` करायचा. ही खालची मर्यादा. गिम्पमध्ये त्याच कामाला `Dilate` आणि `Erode` आहेत, आणि मोडची नावं `Darken only` आणि `Lighten only` अशी दिसतात. खूप फोटो एकदम करायचे असतील तर इमेजमॅजिक हा मोफत प्रोग्राम बरा:

```
magick photo.png -unsharp 0x0.8+2+0 sharp.png
magick photo.png -morphology Dilate Square:1 max.png
magick photo.png -morphology Erode Square:1 min.png
magick sharp.png max.png -compose Darken -composite a.png
magick a.png min.png -compose Lighten -composite limit.png
magick sharp.png limit.png -define compose:args=70 -compose blend -composite out.png
```

पहिल्या ओळीत ०.८ हा धूसरपणा आणि २ म्हणजे २०० टक्के. शेवटची ओळ का आहे ते सांगायला हवं, कारण मर्यादेचा हा नियम कडक लावला की त्याचीही किंमत असते. कातळावरचा ओल्या पाण्याचा एक चमकता ठिपका, पक्ष्याच्या डोळ्यातली चमक, गवताचं एक पातं: हे स्वतःच आपल्या परिसरातले सगळ्यात उजळ ठिपके असतात. नियमानुसार त्यांना आणखी उजळ व्हायला परवानगी नाही. मग कड रेखीव होते, पण बारीक पोत तसाच राहतो आणि फोटो थोडा मेणासारखा, घोटलेला वाटू लागतो. म्हणून मर्यादा ७० टक्केच लावायची आणि ३० टक्के मोकळीक ठेवायची. आपल्या उदाहरणातला २० चा ओव्हरशूट मग ६ वर येतो. १८० च्या आभाळावर १८६, तेही एका ठिपक्यापुरतं. प्रिंटमध्ये ते कडेला मदत करतं, रेघ होत नाही. लेयरवर काम करत असाल तर वरच्या दोन्ही लेयरची अपारदर्शकता ७० टक्क्यांना आणली की काम झालं.

एवढं करायचं नसेल तर निम्मा उपाय आहे. शार्प केलेल्या लेयरच्या दोन प्रती मूळ फोटोवर ठेवायच्या. एकीचा मोड `Darken`, अपारदर्शकता पूर्ण. दुसरीचा मोड `Lighten`, अपारदर्शकता ४०-५० टक्के. पहिली फक्त काळी बाजू आणते, दुसरी फक्त पांढरी. डोंगर आणि आभाळाच्या फोटोत काळी रेघ कातळात मुरून जाते, पांढरीच बोचते, म्हणून पांढरीलाच अर्धं करायचं.

ही रेघ शार्पनिंगचीच आहे का, हे ओळखणं

कड्याभोवतीचा प्रत्येक उजेड शार्पनिंगचा नसतो. रंगनिवडीचं साधन घेऊन आभाळातून कातळाकडे सरळ रेषेत एकेक ठिपका मोजत जा. शार्पनिंगच्या हेलोत दोन खुणा एकत्र सापडतात: आभाळाच्या बाजूला चढलेला आकडा आणि कातळाच्या बाजूला तेवढाच पडलेला आकडा, दोन्ही साधारण सारख्या रुंदीचे. रेघ जांभळी किंवा हिरवी असेल आणि फोटोच्या मधल्या भागापेक्षा कोपऱ्यांत जास्त असेल, तर दोष लेन्सचा. उजेड वीस-तीस-पन्नास ठिपके रुंद, धुक्यासारखा पसरलेला असेल, तर तो बहुधा `Clarity` किंवा एचडीआरसारख्या साधनाचा. तेही अनशार्प मास्कचेच मोठ्या रेडियसचे भाऊबंद आहेत, आणि शार्पनिंगची पट्टी शून्यावर नेली तरी त्यांचा उजेड जात नाही.

रॉ फाइल असेल तर मागे जाऊन सगळं पुन्हा करता येतं. नेढ्याच्या फोटोचं तसं नव्हतं, माझ्याकडे फक्त जेपीईजी होता आणि कॅमेऱ्याचा हेलो त्यात कायमचा बसला होता. तिथे क्लोनचा ब्रश `Darken` मोडमध्ये घेतला, अपारदर्शकता ५० टक्के, टोक रेघेहून थोडं रुंद, आणि जवळच्याच स्वच्छ आभाळातून उचलून कड्यावरून फिरवला. या मोडमध्ये ब्रश फक्त स्वतःपेक्षा उजळ ठिपके खाली आणतो. कातळ आधीच गडद असल्यामुळे त्याला धक्का लागत नाही, आणि कडेवर ब्रश घसरला तरी चालतं. नेढ्याच्या आतल्या गोलाईला दर थोड्या अंतरावर नवीन जागेवरून आभाळ उचलावं लागलं, कारण भोकाच्या वरच्या भागातलं आभाळ खालच्यापेक्षा गडद होतं. माथ्यावरच्या गवतापाशी मात्र हात थांबवला. पात्यांच्या टोकांवरचा खरा उजेड आणि हेलो तिथे एकाच ठिपक्यात मिसळले होते, आणि ब्रशनं दोन्ही गेले असते. मग ०.७ रेडियस, वर सांगितलेली ७० टक्क्यांची मर्यादा, आणि त्याच मापाची दुसरी प्रिंट. कड्याजवळ मोजलं तर आभाळाचा आकडा शेजारच्यापेक्षा ५ नं जास्त आहे, एका ठिपक्यापुरता. गवताच्या वरची रेघ अजून आहे, हातभर अंतरावरून शोधली तर सापडते.